गोव्याच्या नकाशावर यादृच्छिक बिंदू: रिजेक्शन सॅम्पलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पती, माती, विहिरींचं पाणी असं काहीही मोजायला निघालेले विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात तो जागांचा. गोव्यात २०० ठिकाणं निवडायची, पण ती आपल्या सोयीची, रस्त्याकडेची, ओळखीच्या गावातली नकोत. राज्यातल्या प्रत्येक चौरस मीटरला सारखी संधी मिळायला हवी. रिजेक्शन सॅम्पलिंग समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, कारण यातली प्रत्येक राशी नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. म्हणून खालची जवळपास सगळी उत्तरं याच एका कामाभोवती आहेत.

मुळात करायचं काय?

गोव्याची सीमा वेडीवाकडी आहे. तेरेखोलपासून खाली किनारा नागमोडी जातो, पूर्वेला सह्याद्रीचे फाटे आत-बाहेर येतात. अशा आकारात थेट बिंदू टाकण्याचं सूत्र नाही. आयतात बिंदू टाकणं मात्र अगदी सोपं: एक अक्षांश, एक रेखांश, झालं. म्हणून गोव्याला पुरतं झाकणारा आयत घ्यायचा, त्यात बिंदू टाकायचा आणि तो गोव्यात पडला तर ठेवायचा. समुद्रात, सिंधुदुर्गात किंवा कर्नाटकात पडला तर सोडून द्यायचा आणि नवा टाकायचा. टाकलेल्या प्रत्येक बिंदूला प्रस्ताव म्हणतात, ठेवलेल्याला स्वीकार. ही कल्पना संगणकीय गणितात जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ मध्ये मांडली.

आपला आयत असा: दक्षिणेला १४°५३′५४″, उत्तरेला १५°४८′, पश्चिमेला ७३°४०′३३″ आणि पूर्वेला ७४°२०′१३″. किलोमीटरमध्ये तो साधारण ९९.८ उंच आणि ७१ रुंद भरतो, म्हणजे सुमारे ७०८१ चौरस किलोमीटर. गोव्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर.

स्वीकाराची संभाव्यता कशी काढायची?

बिंदू आयतात कुठेही सारख्याच शक्यतेने पडतो. तेव्हा तो गोव्यात पडण्याची संभाव्यता म्हणजे दोन क्षेत्रफळांचं गुणोत्तर: ३७०२ भागिले ७०८१, म्हणजे ०.५२३. निम्म्याहून थोडे जास्त प्रस्ताव कामी येतात, बाकीचे वाया जातात.

पुस्तकात हीच गोष्ट घनतेच्या भाषेत येते. आपल्याला हवी ती लक्ष्य घनता `f`, ज्यातून आपण प्रत्यक्ष टाकतो ती प्रस्ताव घनता `g`, आणि `M` ही अशी संख्या की प्रत्येक `x` साठी `f(x) ≤ M g(x)`. मग 0 ते 1 मधला यादृच्छिक `u` घेऊन नियम असा:

`u ≤ f(x) / (M g(x))` असेल तर स्वीकार, नाहीतर नकार.

आपल्या नकाशात `g` सगळीकडे `1/7081` आहे. `f` गोव्याच्या आत `1/3702` आणि बाहेर शून्य. चालेल असा सर्वांत लहान `M` म्हणजे `7081/3702 = 1.913`. तो घातला की उजवी बाजू आत बरोबर 1 आणि बाहेर 0 होते. म्हणजे `u` ची गरजच उरत नाही. आत असेल तर घ्या, बाहेर असेल तर सोडा.

सर्वसाधारण बाबतीत एका प्रस्तावाला स्वीकार मिळण्याची संभाव्यता काढायला प्रत्येक `x` तिथे येण्याची घनता आणि तिथे स्वीकारलं जाण्याची शक्यता गुणून बेरीज करायची:

`p = ∫ g(x) · f(x)/(M g(x)) dx = (1/M) ∫ f(x) dx = 1/M`

`g` कटून जातं, ही यातली खरी गंमत. प्रस्ताव कसाही असो, स्वीकाराचा दर फक्त `M` वर ठरतो. मात्र शेवटची पायरी `f` चं एकूण क्षेत्रफळ 1 असेल तरच खरी. ते `Z` असेल तर दर `Z/M` येतो. परीक्षेत गुण जातात ते बहुतेक इथेच.

एका बिंदूसाठी सरासरी किती प्रस्ताव लागतील?

`1/p`, म्हणजे आपल्या नकाशात १.९१.

याचं कारण दोन ओळींत सांगता येतं. सरासरी `E` प्रस्ताव लागतात असं धरा. पहिला प्रस्ताव तर टाकावाच लागतो. तो `p` संभाव्यतेने लागू पडला तर काम संपलं. नाहीतर `1 − p` संभाव्यतेने आपण पुन्हा अगदी मूळ जागी येतो आणि पुढे आणखी सरासरी `E` लागतात. म्हणून `E = 1 + (1 − p)E`, यातून `E = 1/p`.

आणि `p = 1/M` असेल तर सरासरी प्रस्ताव `M` इतकेच. `M` म्हणजे नुसता वर झाकणारा गुणक नव्हे, तोच एका नमुन्याची किंमत आहे.

सरासरी १.९१ म्हणजे प्रत्येक वेळी दोनच असं नाही. एखाद्या बिंदूला दहाहून जास्त प्रस्ताव लागण्याची संभाव्यता `(1 − p)` चा दहावा घात, म्हणजे ०.४७७ चा दहावा घात: दहा हजारांत सुमारे सहा. विरळ, पण हजारो बिंदू काढायचे असतील तर असे प्रसंग येणारच, आणि आले म्हणून प्रोग्रॅममध्ये काही बिघडलं असं नाही.

२०० बिंदू हवेत. किती प्रस्ताव धरून चालू?

सरासरी २०० × १.९१३, म्हणजे ३८३. प्रत्यक्ष आकडा याभोवती हलतो. एकूण प्रस्तावांचं प्रमाण विचलन `√(n(1 − p))/p` इतकं, ते इथे सुमारे १९ येतं. म्हणून साधारण ३४५ ते ४२० यांदरम्यान काहीही आलं तरी ठीक.

पुष्कळ जण ३८३ प्रस्ताव टाकून थांबतात आणि १९१ बिंदू हातात आले की बुचकळ्यात पडतात. प्रस्तावांची संख्या आधी ठरवू नका. २०० स्वीकार होईपर्यंत लूप चालवा.

आयत नेमका कुठे संपवायचा? थोडा इकडे-तिकडे चालतो का?

मोठा घेतला तर चालतो, फक्त वेळ वाया जातो. लहान घेतला तर अजिबात चालत नाही. या प्रश्नावर जरा थांबायला हवं, कारण गोव्याच्या नकाशात ही चूक सहज होते.

गोव्याची उत्तर सीमा १५°४०′ आहे असा आकडाही इंटरनेटवर फिरतो. पेडणे गाव १५°४३′ च्या आसपास आहे. १५°४०′ वर आयत संपवला तर पेडणे शहर आणि त्याच्या उत्तरेचा तालुका तुमच्या सर्वेक्षणात कधीच येणार नाही. हजार बिंदू काढा, लाख काढा, तिथे एकही पडणार नाही. प्रोग्रॅम मात्र कुठेही अडत नाही, त्रुटीचा संदेश येत नाही, मिळालेले सगळे बिंदू गोव्याच्या आतच असतात. `f` शून्याहून मोठी आहे तिथे `g` शून्य असता कामा नये, ही अट मोडली की असं गुपचूप नुकसान होतं.

दुसऱ्या टोकाला अंजदीव बेट आहे. ते कारवारच्या समोर समुद्रात, १४°४५′ च्या सुमारास, पण काणकोण तालुक्यात मोडतं. म्हणजे आपण वर घेतलेल्या १४°५३′५४″ च्या आयतातही ते नाही. ते हवंच असेल तर आयत १४°४५′ पर्यंत खाली ओढता येईल, पण मग आयताचं क्षेत्रफळ सुमारे ८२५० होतं, दर ०.४४९ वर येतो आणि सरासरी प्रस्ताव १.९१ वरून २.२३ होतात. एका चिमुकल्या बेटासाठी प्रत्येक बिंदूमागे एवढा खर्च. त्यापेक्षा बेटाला स्वतंत्र छोटा आयत द्यावा; ते कसं करायचं ते पुढे पट्ट्यांच्या प्रश्नात आहे. आणि बेट नकोच असेल तर अहवालात तसं स्पष्ट लिहावं.

चूक पकडायची कशी? दर मोजून. १५°४०′ चा आयत सुमारे ६०३५ चौरस किलोमीटरचा. पूर्ण गोवा त्यात मावला असता तर दर ०.६१३ आला असता. तो मावत नाही, म्हणून मोजलेला दर त्याहून कमी येईल: हरवलेल्या दर १०० चौरस किलोमीटरमागे ०.०१७ ने. काही हजार प्रस्ताव टाकले तर हा फरक उघड दिसतो. हिशोबाने येणारा दर आणि मोजलेला दर जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

किती फरक चालवून घ्यायचा?

१००० प्रस्तावांत मोजलेल्या दराचं प्रमाण विचलन `√(p(1 − p)/1000)`, म्हणजे ०.०१६. तेव्हा आपल्या मोठ्या आयतात १००० पैकी साधारण ४९० ते ५५५ स्वीकार व्हायला हवेत. ४४० आले तर काहीतरी बिघडलं आहे. शून्य आले तर बहुधा अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे.

घाटाकडच्या भागात जास्त बिंदू हवे असतील तर?

इथे `u` खरोखर कामाला येतो. समजा सत्तरी, धारबांदोडा, सांगे या बाजूचा डोंगराळ भाग गोव्याच्या क्षेत्रफळाचा एक तृतीयांश धरला आणि तिथे दर चौरस किलोमीटरमागे तिप्पट बिंदू हवेत. वजन घाटात ३, बाकी गोव्यात १, बाहेर ०. सर्वांत मोठं वजन ३, म्हणून नियम असा: घाटात पडलेला बिंदू नेहमी ठेवा, इतरत्र पडलेला `u ≤ 1/3` असेल तरच ठेवा.

गोव्याच्या आत पडलेल्या बिंदूचा स्वीकार दर म्हणजे सरासरी वजन भागिले सर्वांत मोठं वजन. सरासरी वजन `(1/3)·3 + (2/3)·1 = 5/3`, म्हणून दर `5/9`, म्हणजे ०.५५६. आयतातून गोव्यात पडण्याची संभाव्यता याच्याशी गुणायची: ०.५२३ × ०.५५६ = ०.२९. एका बिंदूमागे ३.४४ प्रस्ताव, २०० बिंदूंसाठी सुमारे ६९०. दहाहून जास्त प्रस्ताव लागण्याची संभाव्यताही आता शंभरात तीनवर गेली.

मिळालेल्या बिंदूंपैकी घाटातले किती असावेत? एक तृतीयांश गुणिले तीन, भागिले पाच तृतीयांश: ६० टक्के.

M थोडा कमी धरला तर दर वाढतो. मग काय बिघडलं?

दर वाढतो, आणि म्हणूनच हा मोह वाईट. वरच्या उदाहरणात सर्वांत मोठं वजन ३ ऐवजी २ धरून पाहू. घाटात `u ≤ 3/2`, म्हणजे नेहमीच स्वीकार. इतरत्र `u ≤ 1/2`. `u` कधीच 1 च्या वर जात नाही, म्हणून घाटातलं जास्तीचं वजन कापलं गेलं. तिप्पटीऐवजी दुप्पटच उरली आणि घाटातल्या बिंदूंचा वाटा ६० वरून ५० टक्क्यांवर आला. तुम्ही मागितलं एक, मिळालं दुसरं, आणि प्रोग्रॅम आधीपेक्षा वेगाने चालला.

हेही दरातून पकडता येतं. `M = 2` बरोबर असता तर गोव्यातला दर `(5/3)/2`, म्हणजे ०.८३३ यायला हवा होता. प्रत्यक्षात येतो `1/3 + (2/3)(1/2)`, म्हणजे ०.६६७. मोजलेला दर हिशोबापेक्षा कमी, पेडण्याच्या बाबतीत झालं अगदी तसंच. दोन्हीकडे कारण एकच: `M g` ने `f` ला पूर्ण झाकलं नाही. आयत तोकडा पडला तर कडेचा भाग जातो, `M` तोकडा पडला तर माथा जातो.

अर्थात हा ताळा जमायला सरासरी वजन आधी माहीत हवं. ते नसेल तर प्रत्येक प्रस्तावाला `f(x)/(M g(x))` तपासा आणि ते 1 च्या वर गेलं की प्रोग्रॅम थांबवा. ही एक ओळ मी प्रत्येकाला लिहायला लावते. `M` वाढवून फक्त पुढे चालू ठेवू नका. आधीचे बिंदू चुकीच्या `M` ने निवडलेले आहेत, ते टाकून सुरुवातीपासून चालवा.

अंशांमध्ये यादृच्छिक बिंदू घेतले तर ते जमिनीवर समान पसरतात का?

अगदी तंतोतंत नाही. उत्तरेकडे जाताना रेखांशांमधलं अंतर अक्षांशाच्या कोसाइनच्या प्रमाणात कमी होतं. आपल्या आयताच्या दोन टोकांत हा फरक हजारात साधारण चार इतकाच. २०० बिंदूंत तो दिसणारही नाही, पण दुरुस्ती फुकटात होते, कारण तेही एक वजनच आहे:

```python
import random, math

D = math.cos(math.radians(14.8983))

def bindu(goa_madhye):
    n = 0
    while True:
        n += 1
        lat = random.uniform(14.8983, 15.8)
        lon = random.uniform(73.6758, 74.3369)
        r = math.cos(math.radians(lat)) / D
        if goa_madhye(lat, lon) and random.random() <= r:
            return lat, lon, n
```

`goa_madhye` हे बिंदू सीमारेषेच्या आत आहे का ते सांगणारं फंक्शन. सीमेची फाइल तुमची. `n` मुद्दाम परत दिला आहे, म्हणजे दर मोजता येईल. प्रत्येक प्रस्तावाला अक्षांश, रेखांश आणि `u` नवे हवेत. नकार मिळाल्यावर तोच बिंदू ठेवून नुसता नवा `u` काढत बसलात तर आत पडलेला प्रत्येक बिंदू कधी ना कधी स्वीकारला जाईल आणि वजनांना अर्थच उरणार नाही.

नकार कमी कसे करायचे?

प्रस्ताव लक्ष्याच्या आकाराला जवळ आणून. एका मोठ्या आयताऐवजी गोव्याचे दक्षिणोत्तर पाच पट्टे करा आणि प्रत्येक पट्ट्याला त्याच्या रुंदीपुरता आयत द्या. समजा पाचही आयतांची बेरीज ४९०० भरली. दर ३७०२/४९००, म्हणजे ०.७५६, आणि सरासरी प्रस्ताव १.३२. अंजदीवचा छोटा आयत इथे सहावा म्हणून जोडता येतो, खर्च जवळपास शून्य.

पण पट्टा निवडण्याचा नियम पाळायला हवा. पट्टा त्याच्या आयताच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात निवडायचा, आणि बिंदू नाकारला गेला तर पट्टासुद्धा पुन्हा निवडायचा. दुसरी अट बरेच जण विसरतात. समजा दोन पट्टे आहेत, दोघांचे आयत १००० चौरस किलोमीटरचे. पहिल्यात गोव्याची जमीन ९००, दुसऱ्यात ३००. बिंदूंचं प्रमाण तीनास एक हवं. दोन्ही पट्टे सारख्याच वेळा निवडले जातात, पण दुसऱ्यात नकार जास्त, म्हणून प्रमाण आपोआप तीनास एक येतं. आता एकदा निवडलेल्या पट्ट्यातच स्वीकार होईपर्यंत बिंदू टाकत राहिलात तर प्रत्येक निवडीतून एक बिंदू निघणारच, आणि प्रमाण एकास एक होईल. दुसऱ्या पट्ट्यातल्या जमिनीला तिप्पट संधी मिळाली. नकार हा इथे नुसता वाया गेलेला वेळ नसतो, प्रमाण राखण्याचं काम तोच करतो.

आणि हो, प्रत्येक वेळी पट्टे पाडायची गरजही नाही. २०० बिंदूंसाठी ३८३ प्रस्ताव संगणक क्षणात टाकतो. बिंदू आत आहे का हे तपासणंच जड असेल, किंवा कोट्यवधी बिंदू हवे असतील, तेव्हाच हा खटाटोप करावा.

पन्नास प्रयत्नांनंतर सोडून देण्याची मर्यादा घातली तर नमुना बिघडतो का?

नाही, कारण कितव्या प्रयत्नात स्वीकार झाला आणि कोणता बिंदू मिळाला या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. पहिल्याच फटक्यात मिळालेला बिंदू आणि विसाव्यात मिळालेला बिंदू, दोघांची वाटणी तीच. मर्यादा गाठली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. फक्त मर्यादा सगळीकडे एकच असू द्या, पट्ट्यागणिक वेगळी नको.

नकाशा नाही, नुसतं सूत्र आहे. तेव्हा M कसा काढू?

`f/g` चं महत्तम मूल्य काढून. प्रसिद्ध उदाहरण म्हणजे प्रसामान्य वितरणाची धन बाजू, `f(x) = √(2/π) e^(−x²/2)`, आणि प्रस्ताव `g(x) = e^(−x)`. गुणोत्तरात घातांक `x − x²/2` येतो, तो `x = 1` ला सर्वांत मोठा. म्हणून `M = √(2e/π) = 1.3155`, दर ०.७६, आणि सरासरी प्रस्ताव १.३२. स्वीकाराची अट सुटसुटीत होते: `u ≤ e^(−(x−1)²/2)`. `x = 2` आला तर तो ठेवण्याची संभाव्यता ०.६०७. शेवटी नाणं टाकून चिन्ह लावलं की पूर्ण प्रसामान्य चल तयार.

उलट दिशेने मात्र हे जमत नाही. प्रसामान्य प्रस्तावातून घातांकी वितरण काढायला गेलात तर `f/g` मोठ्या `x` ला अमर्याद वाढतं आणि कोणताच `M` पुरत नाही. प्रस्तावाची शेपटी लक्ष्याच्या शेपटीपेक्षा बारीक असून चालत नाही.

जास्त मितींमध्येही हेच वापरू का?

दर आधी काढून पाहा. घनात बसवलेल्या गोलाचं उदाहरण घ्या: चौरसात वर्तुळाला ०.७८५ वाटा मिळतो, तीन मितींत ०.५२४. दहा मितींत तो ०.००२५ उरतो, म्हणजे एका स्वीकारामागे सुमारे ४०० प्रस्ताव. वीस मितींत ४ कोटींहून जास्त. गोवा दोन मितींत आहे म्हणून आयताचा बेत जमला. वीस चलांच्या प्रतिमानाला तो जमणार नाही. तिथे मार्कोव्ह साखळीच्या पद्धती वापरतात. त्यांत नाकारलं तर आधीचंच मूल्य पुन्हा मोजायचं असतं. तो नियम इकडे आणून नाकारलेल्या प्रस्तावाच्या जागी आधीचा बिंदू पुन्हा लिहिलात, तर २०० बिंदूंच्या यादीत एकच जागा तीन-चार वेळा येईल.